गाढ झोप आणि बालकांचे वृद्धी संप्रेरक

वृद्धी संप्रेरक पीयूषिका ग्रंथीतून दिवसभर सारख्या प्रमाणात पाझरत नाही. ते लहरींनी स्रवते. दोन लहरींच्या दरम्यान त्याचे प्रमाण इतके घटते की, सकाळी १० वाजता निरोगी बालकाचे रक्त तपासले तरी ते जवळजवळ शून्य आढळू शकते. म्हणूनच दिवसा घेतलेल्या एकाच नमुन्यावरून या संप्रेरकाची कमतरता ठरविता येत नाही. सर्वांत मोठी लहर बहुधा झोप लागल्यानंतरच्या पहिल्या एक-दीड तासात उठते. मेंदूच्या विद्युत आलेखावर मंद आणि उंच लाटा दाखविणारी गाढ झोप याच काळात असते.

ही लहर घड्याळाशी बांधलेली आहे की झोपेशी? ताकाहाशी, किपनिस आणि डॉहाडे यांनी १९६८ मध्ये तरुण प्रौढांवरील अभ्यासातून याचे उत्तर दिले. झोप लांबविली तेव्हा लहरही लांबली. मध्येच उठवून दोन-तीन तास जागे ठेवल्यावर पुन्हा झोपू दिले, तेव्हा आणखी एक लहर दिसली. 'रात्री १० ते २ या वेळेतच मुले वाढतात' या लोकप्रिय समजुतीस त्यामुळे फारसा आधार उरत नाही.

हायपोथॅलॅमसमधील एक संप्रेरक हा स्राव घडवून आणते, तर सोमॅटोस्टॅटिन तो रोखते. स्राव घडविणारे हेच संप्रेरक गाढ झोपेसही पोषक ठरते. दोहोंचा मेळ केवळ योगायोग नव्हे. वृद्धी संप्रेरकाच्या प्रभावाने यकृतात आणि हाडांच्या टोकांजवळील कूर्चेत आयजीएफ-१ हा घटक निर्माण होतो. तेथील पेशी विभागतात आणि हाड लांब होते.

झोप मोडल्याचा परिणाम घोरणाऱ्या मुलांत विशेष दिसतो. समजा, सहा वर्षांच्या एका मुलाचे टॉन्सिल व नाकामागील ग्रंथी वाढल्या आहेत. झोपेत त्याचा श्वास वारंवार अडखळतो, तो तोंडाने श्वास घेतो, घामाघूम होतो. या वयात वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढ अपेक्षित असता तो ४ सेंटिमीटरच वाढला आहे. आई-वडील आहारातच दोष शोधतात. घोरणे मात्र गाढ झोपेचे लक्षण मानले जाते! अशा मुलांत शस्त्रक्रियेनंतर वाढीचा वेग आणि आयजीएफ-१ वाढल्याचे अभ्यासांत आढळले आहे. अर्थात, याचे सर्व श्रेय संप्रेरकाला देता येत नाही. श्वासासाठी रात्रभर खर्च होणारी ऊर्जा वाचते आणि गिळणे सुकर झाल्याने आहारही सुधारतो.

एखाद्या रात्रीच्या जागरणाने मात्र उंची खुंटत नाही. प्रौढांवरील प्रयोगांत, रात्री हुकलेला स्राव दिवसाच्या लहरींनी बऱ्याच अंशी भरून निघाल्याचे दिसले आहे. उलटपक्षी, निरोगी मुलाला अधिक झोपविल्याने तो आनुवंशिक मर्यादेपलीकडे उंच होतो, असेही सिद्ध झालेले नाही. शंका असल्यास सहा महिने ते वर्षाच्या अंतराने, त्याच मोजपट्टीवर, शक्यतो सकाळीच उंची मोजावी. दिवसभरात मणका किंचित दबून संध्याकाळी उंची थोडी कमी भरते.