जांगड दिलेल्या साड्या आणि ३१ मार्चचा हिशेब

समजा, लग्नाची खरेदी चालू आहे. १० मार्चला साडीच्या दुकानातून एका जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी दहा पैठण्या जांगड गेल्या. पसंत पडतील त्या ठेवायच्या, बाकीच्या १० एप्रिलपर्यंत परत करायच्या. प्रत्येक साडी दुकानाला ८,००० रुपयांना पडलेली, विक्रीची किंमत १०,०००. २५ मार्चला घरच्यांनी चार साड्या ठेवल्याचं कळवलं आणि तीन परत पाठवल्या. उरलेल्या तिघींवर मावश्या-आत्यांचं एकमत होईना. अशात ३१ मार्च उजाडला.

बऱ्याच दुकानांत माल बाहेर पडतानाच बिल फाडून विक्री लिहून टाकतात, कारण ते सोपं पडतं. इथेही दहा साड्यांची एक लाखाची विक्री झाली आणि गिऱ्हाइकाच्या नावे एक लाख येणे पडलं. तीन साड्या परत आल्यावर त्यांचे ३०,००० वजा झाले. आता वहीत ७०,००० ची विक्री दिसते. पण खरी विक्री झाली आहे चारच साड्यांची. न ठरलेल्या तीन साड्या गिऱ्हाइकाच्या कपाटात असल्या तरी अजून दुकानाच्याच आहेत.

म्हणून वर्षअखेरीला दोन नोंदी कराव्या लागतात, आणि दोन्ही हव्यातच. पहिली, विक्रीतून आणि गिऱ्हाइकाच्या येण्यातून ३०,००० कमी करायचे. दुसरी, त्या तीन साड्या शिल्लक मालात धरायच्या, त्याही खरेदीच्या भावाने, म्हणजे २४,००० ला. (बाजारात भाव त्याहून खाली आला असेल तर त्या कमी भावाने.) मग चार साड्यांवर प्रत्येकी दोन हजार, असा ८,००० रुपये नफा दिसतो.

पहिली नोंद केली आणि दुसरी राहिली, तर हिशेबात १६,००० चा तोटा येतो. तो डोळ्यांत भरतो, त्यामुळे चूक लगेच सापडते. खरी भीती वेगळ्या चुकीची आहे. दोन्ही नोंदी केल्या, पण साड्या विक्रीच्या भावाने, ३०,००० ला धरल्या, तर नफा १४,००० येतो. काहीच न करता सातही साड्या विकल्या म्हटलं असतं तरी नफा तेवढाच आला असता! विक्री बरोबर, येणे बरोबर, ताळेबंद जुळलेला, आणि न झालेल्या विक्रीचे सहा हजार मात्र नफ्यात बसलेले. म्हणून शिल्लक मालाच्या यादीत जांगड मालासमोर कोणता भाव लावला आहे, हे मी सगळ्यात आधी बघेन.

साडी नेमकी कधी विकली गेली, हे १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. गिऱ्हाइकाने पसंती कळवली की विक्री झाली. मुदत उलटली आणि नकार कळवला नाही, तरी झाली. मुदत ठरलीच नसेल तर वाजवी काळ धरतात. आणि गिऱ्हाइकाने तो माल आपलाच असल्यासारखा वापरला, तरीही झाली. इंग्लंडमध्ये १८९७ च्या एका खटल्यात जांगड नेलेले दागिने एकाने गहाण ठेवले. न्यायालयाने ठरवलं, गहाण टाकले त्याच क्षणी त्याने ते घेतले. जवाहिऱ्याला ते सावकाराकडून परत मागता येणार नाहीत.

आपल्या तीन साड्यांपैकी एकीला २८ मार्चला फॉल-पिको झालं होतं, असं ६ एप्रिलला कळलं, असं धरू. साडीला फॉल लावणं म्हणजे ती आपली केल्यासारखंच. बातमी उशिरा आली तरी घडलेली गोष्ट मार्चमधली आहे. तेव्हा ती विक्री सरत्या वर्षात जाते: विकलेल्या पाच, न ठरलेल्या दोन, नफा १०,०००. तेच दुसऱ्या साडीची पसंती ४ एप्रिलला फोनवर कळवली असेल, तर हिशेब अजून बंद झालेला नसला तरी ती विक्री नव्या वर्षाचीच.

हे सगळं ठरतं ते जांगड वहीवरून. साडीचा नंबर, गेल्याची तारीख, परतीची मुदत आणि निकाल, एवढे रकाने तरी तिच्यात हवेत. माल पाठवताना बिलाऐवजी डिलिव्हरी चलन द्यावं, म्हणजे वर्षअखेरीला उलट नोंदी करत बसावं लागत नाही. जीएसटीचं बिल पसंती कळल्यावर करायचं. मात्र माल बाहेर पडून सहा महिने झाले की पसंती कळो न कळो, बिल करावंच लागतं.

३१ मार्चला माल मोजताना दुकानातले गठ्ठे मोजून थांबू नये. ज्यांच्याकडे साड्या अडकल्यात, त्यांच्याकडून नंबरांसह लेखी घ्यावं की माल आमच्याकडे आहे आणि निर्णय व्हायचा आहे. तीन म्हणताना दोनच निघाल्या, तर तिसरीचं काय झालं हे त्याच दिवशी विचारता येतं.