गाऊन परत करण्याआधीची वीस मिनिटे

पदवीप्रदान समारंभ संपल्यावर सभागृहाबाहेर एकच गर्दी उसळते. गाऊन बहुधा भाड्याचा असतो, डिपॉझिट परत घेण्यासाठी काउंटरवर रांग लागते आणि बसस्टँड गाठायची घाई झालेले नातेवाईक पांगू लागतात. फोटोंसाठी हाती राहतात जेमतेम वीस मिनिटे. म्हणून जागा आणि क्रम हे दोन्ही समारंभाआधीच ठरवावे लागतात.

जागा निवडताना देखण्या पार्श्वभूमीपेक्षा उजेड महत्त्वाचा. दुपारच्या उन्हात चौकोनी टोपीची सावली थेट डोळ्यांवर पडते आणि चेहरा अर्धा काळवंडतो. इमारतीची सलग सावली, जिथे समोरून मोकळ्या आकाशाचा उजेड येतो, ती उत्तम. झाडाखाली पानांतून येणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर डाग पाडतात. प्रवेशद्वाराच्या कमानीपाशी सगळेच धावतात. तिथे रांगेतच वेळ जातो. बाजूची साधी दगडी भिंतही पुरते.

काळा गाऊन कॅमेऱ्याला फसवतो. चौकटीचा मोठा भाग काळा दिसला की कॅमेरा सगळेच उजळ करू पाहतो. त्यात गाऊन करडा पडतो आणि चेहरे पांढरेफटक होतात. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड किंचित कमी केला की हे टळते. कपाळावरचा तपशील दिसेनासा झाला असेल, तर उजेड अजून जास्त आहे असे समजावे.

क्रम मोठ्या गटाकडून लहान गटाकडे असावा. समजा, नऊ जणांचे कुटुंब आहे. आधी सगळे मिळून, आजी-आजोबा मध्ये खुर्चीवर. मग काका-मामांची मंडळी मोकळी होतात आणि आजी-आजोबांसोबतचा फोटो होतो. त्यानंतर त्यांना बसायला नेता येते. पुढे आई-बाबा, मग भावंडे आणि शेवटी पदवी हातात घेतलेला एकटा फोटो. प्रत्येक गटाला दोन मिनिटे धरली, तरी दहा मिनिटांत काम होते, उरलेली मित्रांसाठी. मित्र गाऊन घालून तिथेच असतात, म्हणून ते शेवटी चालतात. थकलेल्या आजीला मात्र थांबवू नये. नावे पुकारायला कुटुंबातलाच, सगळ्यांना ओळखणारा एक जण लागतो.

गटात कुणीतरी डोळे मिटतेच. ऑस्ट्रेलियातील पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी याचे गणित मांडले; त्यासाठी त्यांना 2006 चे इग नोबेल पारितोषिक मिळाले. वीसहून कमी माणसे आणि चांगला उजेड असेल, तर माणसांच्या संख्येला तीनने भागून येतील तितके फोटो घ्यावेत. उजेड कमी असेल तर दोनने भागावे. म्हणजे नऊ जणांचे सावलीत तीन, अंधाऱ्या व्हरांड्यात पाच. मोबाइलची रुंद भिंग टाळून दोन पावले मागे सरकावे, नाहीतर कडेची माणसे ताणलेली दिसतात. पडद्यावर मोठे करून डोळे तपासायचे ते फक्त पहिल्या, मोठ्या गटाचे, कारण तो गट पुन्हा जमत नाही.