पोटमाळ्यावर अडकलेला इलेक्ट्रॉन

कपाटात ठेवतो ती डांबराची गोळी तुम्हाला माहीत आहे. खरी असेल तर तिच्यात नॅफ्थॅलीन असतं. ते अल्कोहोल-ईथरच्या मिश्रणात थोडंसं विरघळवायचं आणि क्वार्ट्झच्या नळीत भरून द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचं. उणे 196 अंशांना ते द्रावण काचेसारखं गोठतं. आता त्यावर अतिनील दिव्याचा प्रकाश टाका आणि दिवा पटकन बंद करा. दिवा विझला, तरी नळी काही सेकंद हिरवट उजळत राहते! दिवाच नाही, मग हा प्रकाश येतो कुठून?

स्पेक्ट्रोस्कोपीच्या असाइनमेंटमध्ये याचं उत्तर एका आकृतीत मागतात. पोलिश शास्त्रज्ञ अलेक्सांडर याब्लोन्स्की यांनी 1933 साली तिचा पाया घातला. आडव्या रेघा म्हणजे ऊर्जेचे मजले. वर जाल तशी ऊर्जा वाढते. डावं-उजवं मात्र निव्वळ सोयीसाठी, त्याला काही अर्थ नाही.

तळमजला S0. नॅफ्थॅलीनचा वरचा मजला S1, साधारण 4 इलेक्ट्रॉन व्होल्टवर. एक सरळ उभा बाण काढा: 280 नॅनोमीटरच्या प्रकाशाने इलेक्ट्रॉनला 4.4 इलेक्ट्रॉन व्होल्ट दिले, म्हणजे तो S1 च्याही थोडा वर जाऊन पडला. जास्तीची ऊर्जा तो उष्णतेच्या रूपाने आसपास वाटून टाकतो आणि S1 च्या अगदी तळाशी येऊन टेकतो. हे निमूट घसरणं नागमोडी बाणाने दाखवतात, कारण त्यात प्रकाश निघत नाही. इथून थेट S0 वर उडी मारली की जो प्रकाश निघतो, तो फ्लुओरेसन्स. पण तो बहुतेक अतिनीलच असतो, डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. नळीत दिसलेला हिरवा रंग त्याचा नव्हेच.

मग कुणाचा? S1 आणि S0 च्या मध्ये, 2.6 इलेक्ट्रॉन व्होल्टवर, एक पोटमाळा आहे: T1. इलेक्ट्रॉन जोडीने राहतात आणि एकाची गिरकी दुसऱ्याच्या उलट असते. S1 वर गेलेला इलेक्ट्रॉनही ही उलट गिरकी सांभाळून असतो. पण कधी कधी तो गिरकी फिरवतो आणि आडव्या वाटेने पोटमाळ्याच्या बाजूला सरकतो. आकृतीत हा बाण आडवाच काढायचा, कारण ओलांडताना ऊर्जा बदलत नाही. खाली घसरणं त्यानंतर होतं. (हाच बाण तिरपा काढून गुण घालवणारे फार.)

आता गंमत बघा. खालच्या जोडीदाराची आणि याची गिरकी एकाच दिशेची झाली. S0 वर मात्र दोघांना उलटच राहावं लागतं. म्हणजे उतरायचं तर गिरकी पुन्हा फिरवायला हवी, आणि प्रकाश स्वतः ती सहजी फिरवत नाही. पोटमाळ्याला शिडीच नाही! तरी तो कधीतरी उतरतोच, आणि उतरताना 470 नॅनोमीटरपासून पुढचा प्रकाश देतो. हा फॉस्फोरेसन्स. उडी छोटी, म्हणून तरंगलांबी मोठी. ही मधली पातळी ट्रिपलेट आहे, असं 1944 साली गिल्बर्ट लुईस आणि मायकेल काशा यांनी दाखवलं.

फरक किती? S1 वरचा मुक्काम सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग, पोटमाळ्यावरचा दोन सेकंदांहून जास्त. दोन कोटी पट! S1 वर एक सेकंद थांबला असं धरलं, तर पोटमाळ्यावर तो साडेसात महिने बसून राहील.

म्हणूनच गोठवावं लागतं. एवढ्या वेळात साध्या द्रवात कोणीतरी येऊन धडकतंच, आणि हवेतला विरघळलेला ऑक्सिजन तर यात पटाईत, कारण त्याची स्वतःची मूळ अवस्थाच ट्रिपलेट आहे. त्याच्याशी गाठ पडली की ऊर्जा प्रकाश न देताच निघून जाते. नळी उजळली नाही, तर चूक आकृतीत शोधू नका. द्रावण गोठवलंय का, ते आधी बघा.

नॅफ्थॅलीनवर ब्रोमिनचा एक अणू चिकटवला, तर काय होतं? जड अणूजवळ गिरकी फिरवणं सोपं जातं. पोटमाळ्याला शिडी लागते आणि मुक्काम दोन सेकंदांवरून दोन शतांश सेकंदांच्या आसपास येतो.

एक विनंती. छतावर चिकटवायच्या चमकत्या चांदण्या उदाहरण म्हणून लिहू नका. त्यांच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन सापळ्यांत अडकतात आणि उष्णतेच्या धक्क्याने हळूहळू सुटतात. तिथे T1 चा पोटमाळा नाही. डांबराची गोळीच लिहा.