पीपीएम, टक्के आणि आमच्या सोसायटीची टाकी

2024 च्या उन्हाळ्यात बंगळुरूत बोअरवेल आटल्या आणि आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी येऊ लागलं. ते क्लोरीन घालून वापरायचं ठरलं. टाकी दहा हजार लिटरची, मात्रा 2 पीपीएम, आणि हाताशी 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट. एका शेजाऱ्यांनी कागदावर हिशेब केला आणि म्हणाले, "कर्नलसाहेब, चाळीस लिटर लागेल."

पाच लिटरचे आठ कॅन? मला तिथेच शंका आली. फौजेत आम्ही पाण्याची मात्रा चमच्याने मोजून घालायचो.

चूक कुठे झाली ते बघा. टक्के म्हणजे शंभरात किती, आणि पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती. दहा लाखांना शंभरने भागलं की दहा हजार येतात. म्हणून पीपीएमचे टक्के करायचे तर दहा हजारांनी भागायचं, म्हणजे दशांश चिन्ह चार घरं डावीकडे न्यायचं. 2 पीपीएम म्हणजे 0.0002 टक्के. शेजाऱ्यांनी शंभरानेच भागलं आणि 0.02 टक्के धरले. मात्रा शंभरपट झाली!

आता बरोबर हिशेब. एक लिटर पाणी साधारण एक किलोचं, म्हणजे दहा लाख मिलिग्रॅमचं. त्यामुळे पाण्यात 1 पीपीएम म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम. दहा हजार लिटरला 2 पीपीएमने वीस हजार मिलिग्रॅम, म्हणजे 20 ग्रॅम क्लोरीन हवं. 5 टक्क्यांच्या द्रावणात 100 मिलीमध्ये साधारण 5 ग्रॅम असतं. म्हणून 400 मिली पुरे. चाळीस लिटर नव्हे, अर्ध्या लिटरपेक्षाही कमी.

पण कागदावरचा हिशेब बरोबर आला म्हणजे काम संपलं असं नाही. हायपोक्लोराइट उन्हात, उष्णतेत कमजोर होतं. कॅनवर 5 लिहिलेलं असलं तरी आत तेवढं उरलेलं असेलच असं नाही. शिवाय पाण्यातली घाण थोडं क्लोरीन खाऊन टाकते. म्हणून अर्ध्या तासाने टेस्ट किटने उरलेलं क्लोरीन तपासायचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ते लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. काहीच दिसलं नाही तर मात्रा थोडी वाढवून पुन्हा तपासायचं.

हाच भागाकार गच्चीवरच्या बागेतही चालतो. कडुनिंबाच्या कीटकनाशकाच्या बाटलीवर कुठे 1500 पीपीएम, तर कुठे 10,000 पीपीएम लिहिलेलं असतं. तो आकडा अ‍ॅझाडिरॅक्टिनचा. पहिल्या बाटलीत ते 0.15 टक्के, दुसऱ्या बाटलीत 1 टक्का. दुसरी जवळजवळ सातपट तीव्र! म्हणून एकीचं माप दुसरीला लावू नका. ज्या बाटलीतून घ्याल, तिच्याच लेबलवरचं माप पाळा.

आमच्या पंपाच्या खोलीत आता एक चिठ्ठी चिकटवली आहे: "10,000 पीपीएम = 1 टक्का." एवढं लक्षात राहिलं तरी शून्यं चुकत नाहीत.