विक्री तेलाची, नफा मसाल्यांचा

तालुक्याच्या गावातला किराणा दुकानदार डॅशबोर्ड करून मागतो, तेव्हा बहुतेक वेळा एवढंच म्हणतो, "सगळं एका नजरेत दिसलं पाहिजे." एवढ्यावर काम घेतलं की रंगीत आलेखांचं एक पान तयार होतं आणि दुकानदार ते पुन्हा उघडत नाही. त्याला विचारायला हवं, की माल कधी भरता आणि काय मागवायचं हे कशावरून ठरवता? तो दर गुरुवारी अंदाजाने ऑर्डर देत असेल, तर बुधवारी रात्री उपयोगी पडेल असं एक पान त्याला पुरतं.

समजा, महिन्याला तेल ८०,००० रुपयांचं खपतं आणि त्यात ३ टक्के सुटतात, म्हणजे नफा २,४०० रुपये. मसाले खपतात १८,००० रुपयांचे, पण सुटतात १५ टक्के, म्हणजे २,७०० रुपये. विक्रीच्या आलेखात तेलाचा खांब उंच दिसतो, मसाल्यांकडे लक्षही जात नाही. नफा दाखवायचा तर खरेदीचा भाव लागतो, आणि बिलांच्या यादीत तो बऱ्याचदा नसतोच. म्हणून दर सांगण्याआधी एका महिन्याची खरी फाइल मागून घ्यावी.

फाइल उघडल्यावर घोळ दिसू लागतात. 'साखर', 'साखर सुटी', 'SUGAR' अशा तीन नावांनी एकच माल नोंदलेला असतो. त्यासाठी वेगळ्या पानावर प्रत्येक नावासमोर एकच ठरलेलं नाव लिहावं लागतं. तारखांचा घोळ मात्र लपलेला असतो. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर 05/04 ही ५ एप्रिल न राहता ४ मे होते, आणि 25/04 नुसता मजकूर म्हणून राहते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या, की तिथल्या उजवीकडच्या तारखांवरही विश्वास ठेवू नये. मूळ फाइल दिवस-महिना-वर्ष असा क्रम सांगून पुन्हा आत घ्यावी.

पुढचं काम तुलनेने सोपं. यादीला `Ctrl+T` देऊन टेबल करायचं, म्हणजे नव्या ओळी आपोआप त्यात धरल्या जातात. त्यावर पिव्हट टेबल, महिना निवडायला स्लायसर आणि दुकानदाराला शिकवायचं एकच बटण: `Refresh All`. ते दाबायचं राहिलं तर आकडे जुनेच दिसतात, म्हणून 'शेवटची नोंद कोणत्या तारखेची' हेही पिव्हटमधूनच वर मोठ्या अक्षरांत दाखवावं.

दर ठरवताना नवशिके फक्त आलेखांचे तास मोजतात. विचारपूस १ तास, साफसफाई ४, बांधणी ३, शिकवणी १, असे ९ तास धरले आणि तासाला ३०० रुपये लावले, तर २,७०० होतात. निम्मे आधी घ्यावेत आणि दोन दुरुस्त्या त्यातच धराव्यात. 'उधारीही दाखवा' ही मागणी मात्र दुरुस्ती नव्हे. तिला गिऱ्हाइकांची वेगळी यादी लागते, म्हणून तो दुसरा डॅशबोर्ड आणि त्याचे पैसे वेगळे.