संबंध दिसला, म्हणजे कारण सापडले का?

रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन कमी होते आणि हृदयविकाराचे प्रमाण वाढू लागते. मग हे संप्रेरक बाहेरून दिले तर हृदयाचे रक्षण होईल, असे डॉक्टरांना वाटणे स्वाभाविक होते. अमेरिकेतील परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासाने या विचाराला बळ दिले. सुमारे ४८ हजार परिचारिकांची दहा वर्षे नोंद ठेवून १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संप्रेरके घेणाऱ्यांत गंभीर हृदयविकाराचे प्रमाण, ती कधीच न घेतलेल्यांच्या तुलनेत, जवळजवळ निम्मे होते.

या अभ्यासात कोणी गोळी घ्यायची हे संशोधकांनी ठरवले नव्हते. ते ज्या त्या स्त्रीने आणि तिच्या डॉक्टरांनी ठरवले होते. त्या काळी अमेरिकेत संप्रेरके घेणाऱ्या स्त्रिया सहसा अधिक शिकलेल्या, सुस्थितीतील, सडपातळ आणि नियमित तपासणी करून घेणाऱ्या असत. या गोष्टी स्वतःच हृदयाला जपतात. गोळीशी आणि हृदयाशी असे दुहेरी नाते असणाऱ्या घटकाला संभ्रमकारक घटक म्हणतात. त्याचे श्रेय नकळत गोळीच्या खात्यावर जमा होते. वय, धूम्रपान, रक्तदाब यांचा हिशेब गणिताने वजा करता येतो आणि तो केलाही होता. परंतु जे नीट मोजलेच नाही, ते वजा कसे करणार?

यावर उपाय म्हणजे निवड नशिबावर सोपवणे. पुढील एका अमेरिकी चाचणीत १६,६०८ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन ही दोन संप्रेरके, तर दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी मिळाली. त्यामुळे शिक्षण, पैसा, सवयी दोन्हीकडे सारख्याच वाटल्या गेल्या. २००२ मध्ये ही चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराच्या घटना संप्रेरकांच्या गटात ३७, तर दुसऱ्या गटात ३० होत्या. स्तनांचा कर्करोगही वाढला होता.

तरीही सारा दोष संभ्रमकारक घटकांचा नव्हता. चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. परिचारिकांपैकी बहुतेकींनी मात्र रजोनिवृत्तीच्या सुमारासच संप्रेरके सुरू केली होती. औषध कधी सुरू झाले, यानेही परिणाम बदलतो, असे पुढील विश्लेषणांतून दिसले.

म्हणून 'अमुक घेणाऱ्यांना तमुक आजार कमी' अशी बातमी वाचताना आधी पाहावे: ते घेणारे लोक कोण होते, आणि कोणी काय घ्यायचे हे कोणी ठरवले? त्या व्यक्तींनी स्वतःच निवड केली असेल, तर दिसणारा फरक औषधाचा की माणसांचा, हे त्या बातमीवरून ठरत नाही. आपले चालू औषध अशा बातमीवरून सुरू वा बंद करू नये. कात्रण घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे.