पहिल्या नोंदीची प्रत

अपघात-विम्याचा दावा पुष्कळदा अडतो तो उपचारांच्या बिलांवर नव्हे, तर अपघातानंतरच्या पहिल्या तासात लिहिलेल्या एका कागदावर. तो कागद रुग्णालयाच्या दप्तरात असतो आणि घरच्यांनी तो बहुधा पाहिलेलाही नसतो.

लातूरच्या मोंढ्यातील एखाद्या अडत व्यापाऱ्याचे उदाहरण घेता येईल. नांदेडहून परतताना लोह्याजवळ टेम्पोने त्यांच्या दुचाकीला धडक दिली. वाटसरूंनी त्यांना नांदेडच्या शासकीय रुग्णालयात पोचविले. दुसऱ्या दिवशी नातेवाइकांनी लातूरच्या खासगी रुग्णालयात हलविले आणि तेथे शस्त्रक्रिया झाली. महिन्याभराने विमा कंपनीचे पत्र आले : ‘प्रथम दाखल केल्याची नोंद व एमएलसीची प्रत सादर करावी.’ मुलाने नांदेडला अर्ज दिला, ‘वडिलांचे सर्व कागद मिळावेत.’ हाती आले ते केवळ डिस्चार्ज कार्ड, जे कंपनीकडे आधीच पोचले होते.

चूक अर्जाच्या शब्दांत होती. अपघात विभागात रुग्ण आला की डॉक्टर केसपेपरवर वेळ, जखमा, शुद्ध, मद्याचा वास आहे किंवा नाही आणि अपघात कसा घडला याची हकीकत लिहितात. त्याच वेळी वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून, म्हणजेच एमएलसी म्हणून, स्वतंत्र नोंदवहीत क्रमांक पडतो आणि पोलिसांना सूचना जाते. विमा कंपनीला हवे असतात ते हेच कागद. डिस्चार्ज कार्डावर त्यांचा जेमतेम एका ओळीत उल्लेख असतो. म्हणून पत्रात कागदांची नावे व क्रमांक असावेत :

‘प्रति, वैद्यकीय अधीक्षक (वैद्यकीय अभिलेख विभाग). विषय : विमा दाव्यासाठी नोंदींच्या साक्षांकित प्रती मिळणेबाबत. माझे वडील दि. … रोजी … वाजता अपघात विभागात दाखल झाले. बाह्यरुग्ण क्र. …, आंतररुग्ण क्र. …, एमएलसी क्र. …. कृपया पुढील प्रती द्याव्यात : १) अपघात विभागाचा पहिला केसपेपर, २) एमएलसी नोंद, ३) जखमांचे प्रमाणपत्र, ४) दुसरीकडे हलविल्याची नोंद. नियमानुसार प्रतींचे शुल्क भरण्यास तयार आहे. सोबत : वडिलांचे स्वाक्षरीचे अधिकारपत्र, दोघांची ओळखपत्रे, विमा कंपनीच्या पत्राची प्रत.’

क्रमांक ठाऊक नसतील तर तारीख आणि अंदाजे वेळ अवश्य द्यावी. नोंदवही त्या क्रमानेच चाळली जाते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितलेल्या वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्यावयाच्या असतात. तोंडी मागणीला मात्र पुरावा राहत नाही. आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपण्याचे बंधन त्याच नियमावलीत आहे. त्यामुळे दिरंगाई परवडत नाही. एमएलसीची प्रत ‘पोलिसांनाच देतो’ असे उत्तर मिळाले, तर ते लेखी मागावे आणि पोलिस ठाण्याकडे अर्ज करावा. वरील उदाहरणात सूचना प्रथम रुग्णालयाच्या हद्दीतील ठाण्यात जाईल आणि तेथून लोहा ठाण्याकडे वर्ग होईल. प्रथम खबर व घटनास्थळाचा पंचनामा लोह्यातच मिळेल. शासकीय रुग्णालय दाद देत नसेल, तर माहिती अधिकाराचा मार्गही आहे. त्याची मुदत ३० दिवसांची.

प्रत हाती आल्यावर ती लगेच कंपनीला धाडू नये, आधी वाचावी. या उदाहरणात केसपेपरवर ‘दुचाकी घसरून पडल्याने’ असे लिहिलेले निघाले, कारण ती हकीकत सांगणारा वाटसरू अपघातानंतर तेथे पोचला होता. प्रथम खबरीत मात्र टेम्पोची धडक होती. अशी तफावत दिसली की दावा तपासणीसाठी थांबतो. येथे रुग्णालयाला नोंद बदलण्याची विनंती करणे घातक ठरते. खाडाखोड झालेल्या कागदावर कोणी विश्वास ठेवीत नाही. हकीकत कोणी सांगितली याचा नोंदीत उल्लेख असेल तर तो दाखवून, प्रथम खबर व पंचनाम्यासह कंपनीला वेगळे खुलासापत्र द्यावे. डॉक्टरांनी तयारी दर्शविल्यास त्यांच्या स्वाक्षरीची व त्या दिवसाच्या तारखेची पुरवणी टीप जोडावी. मूळ ओळ तशीच राहू द्यावी.

व्यापारी घरांना याच पत्राची दुसरी बाजूही भेटते. डाळमिलमध्ये यंत्रात हात सापडलेला कामगार किंवा थप्पीवरून पडलेला हमाल उद्या मालकाकडे हीच प्रत मागतो. कर्मचारी राज्य विमा योजना लागू असलेल्या आस्थापनेत अपघाताची नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे. त्या वहीत त्याच दिवशी वेळ, जागा, चालू असलेले काम आणि साक्षीदार यांची नोंद झाली असेल, तर मालकाला प्रत देण्यास अडचण नसते. ती नोंद महिन्याभराने आठवून लिहिली, तर मात्र रुग्णालयाच्या कागदाशी तिचा मेळ बसेलच असे नाही, आणि त्याची किंमत जखमी कामगाराला मोजावी लागते.